घरमालकाकडून भाड्याच्या इतिहासाचं पत्र: गृहकर्ज आणि व्हिसासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईत भाड्याने राहून गृहकर्जाची किंवा व्हिसाची फाइल तयार करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. महाराष्ट्रातली बहुतेक भाड्याची घरं लिव्ह अँड लायसन्स करारावर असतात, त्यामुळे उत्तरंही तीच पद्धत धरून दिली आहेत. पागडीच्या घरांचं गणित वेगळं असतं, ते इथे घेतलेलं नाही.

हे पत्र म्हणजे नेमकं काय?

अमुक व्यक्ती माझ्या अमुक पत्त्यावरच्या घरात अमुक तारखेपासून राहते, दरमहा इतके पैसे देते आणि आजच्या तारखेला तिच्याकडे माझी काही थकबाकी नाही, असं घरमालकाने स्वतःच्या सहीनिशी लिहून देणं म्हणजे हे पत्र. त्याचा सरकारी नमुना नाही आणि ते नोंदवावंही लागत नाही. कुणी त्याला रेंट सर्टिफिकेट म्हणतं, कुणी घरमालकाचं कन्फर्मेशन लेटर.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. हे पत्र एकटं फारसं काही सिद्ध करत नाही. करारनामे आणि बँक स्टेटमेंट यांत जे दिसतं ते जोडून सांगणं, हे त्याचं काम. पत्र आणि कागद एकमेकांशी जुळले तर फाइल भराभर पुढे सरकते. जुळले नाहीत, तर पत्र दिल्यामुळेच नवे प्रश्न निघतात. म्हणून घरमालकाला फोन करण्याआधी स्वतःचे कागद समोर घेऊन बसा.

गृहकर्जासाठी सगळ्यांनाच हे लागतं का?

नाही. मोठ्या कंपनीत पगारदार असाल, फॉर्म १६ असेल, पगार दर महिन्याला खात्यात येत असेल आणि आधीचं एखादं कर्ज किंवा क्रेडिट कार्ड नीट फेडल्याची नोंद असेल, तर बहुतेक बँका हे पत्र मागतही नाहीत.

मागणी होते ती तीन ठिकाणी. पहिलं, ज्यांनी आजवर कर्जच घेतलेलं नाही त्यांच्याकडे. सिबिलचा स्कोअर कर्ज आणि कार्डांच्या परतफेडीवर ठरतो. घरमालकाला यूपीआयने दिलेलं भाडं त्यात एरवी येतच नाही. चार वर्षं वेळेवर भाडं भरणारा माणूस त्या अहवालात कोरा दिसतो, आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम बाजूला काढण्याची सवय दाखवायला भाड्याचा इतिहास हाच त्याच्याकडचा पुरावा असतो. दुसरं, छोटे व्यावसायिक, रिक्षा-टेम्पोवाले, घरगुती डबे देणाऱ्या बायका, दुकानदार. यांचं उत्पन्न प्रत्यक्ष भेटून, घर आणि धंदा पाहून ठरवणाऱ्या गृहवित्त कंपन्या आहेत आणि त्या घरमालकाशी बोलतातच. तिसरं, ज्यांच्या आधारवरचा पत्ता गावचा आहे आणि राहणं शहरात आहे. तिथे तुम्ही खरंच त्या पत्त्यावर राहता का, एवढंच बँकेला पाहायचं असतं.

त्यामुळे पहिला प्रश्न बँकेतल्या माणसाला विचारा: तुम्हाला पत्ता सिद्ध करून हवा आहे की भाडं भरल्याचा इतिहास? पत्ताच हवा असेल तर दोन ओळींत काम होतं.

पत्रात काय काय असावं?

मसुदा तुम्हीच करून द्या. घरमालकाला कोऱ्या कागदावर लिहायला सांगितलं, तर ते एकतर टाळतात, नाहीतर "गृहस्थ सज्जन आहेत, कधी त्रास नाही" असं चांगल्या मनाने लिहून देतात आणि तारखा राहून जातात. बँकेला तारखा आणि आकडे हवे असतात. गृहकर्जासाठी साधारण असा मजकूर पुरतो:

> दिनांक: ____
> प्रति, शाखा व्यवस्थापक, ____ बँक, ____ शाखा
> विषय: श्री./श्रीमती ____ यांच्या निवासाबाबत व लायसन्स फी भरल्याबाबत
>
> मी खाली सही करणार, सदनिका क्र. ____, ____ सोसायटी, ____, पुणे या सदनिकेचा/ची मालक आहे. श्री./श्रीमती ____ हे दि. ____ पासून आजपर्यंत नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारांनुसार लायसन्सी म्हणून या सदनिकेत राहत आहेत. करारांचे दस्त क्रमांक व कालावधी असे: ____.
>
> सध्याची मासिक लायसन्स फी रु. ____ असून सोसायटीचा मेंटेनन्स रु. ____ वेगळा आहे. ही रक्कम ते दरमहा ____ तारखेपर्यंत बँकेमार्फत देतात. दि. ____ अखेर त्यांच्याकडून काही येणे बाकी नाही. माझ्याकडे त्यांची रु. ____ परत करण्याजोगी अनामत जमा आहे.
>
> हे पत्र त्यांच्या विनंतीवरून केवळ गृहकर्जाच्या अर्जासोबत जोडण्यासाठी दिले आहे. यामुळे करारातील अटींत कोणताही बदल होत नाही व हे पत्र घर सोडण्याची सूचना नाही.
>
> सही, नाव, मोबाइल क्रमांक

"भाडेकरू" ऐवजी "लायसन्सी" आणि "भाडे" ऐवजी "लायसन्स फी" मुद्दाम घातलं आहे. करारात जे नातं लिहिलंय तेच पत्रात दिसलं की घरमालकाची मोठी धास्ती कमी होते. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

शेवटचं वाक्यही ठेवाच. कर्ज घेताय म्हणजे लवकरच घर सोडणार, असा अर्थ घरमालक काढतात आणि दुसरा माणूस शोधायला लागतात. कर्ज मंजूर होऊन ताबा मिळेपर्यंत कधीकधी वर्ष जातं.

आमच्या कागदांत थोडे घोळ आहेत. मधला एक महिना करार नव्हता, काही भाडं रोख दिलं. पत्रात काय लिहायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू.

हडपसरला राहणारं जोडपं. नवरा पगारदार, हातात ७२,००० रुपये येतात, आधीचं कर्ज नाही. १ जुलै २०२२ पासून एकाच घरात आहेत आणि जानेवारी २०२६ मध्ये ३० लाखांच्या कर्जासाठी अर्ज करायचा आहे. म्हणजे डिसेंबर २०२५ अखेर ४२ महिने झाले. करार प्रत्येकी ११ महिन्यांचे. पहिला जुलै २०२२ ते मे २०२३, फी १८,००० रुपये. दुसरा जून २०२३ ते एप्रिल २०२४, फी १८,९००. तिसरा जून २०२४ ते एप्रिल २०२५, १९,८५०. चौथा मे २०२५ पासून, २०,८००. सगळे नोंदवलेले.

स्टेटमेंट काढून कराराशेजारी ठेवल्यावर चार गोष्टी दिसतात.

करारात फी १८,००० आणि खात्यातून गेलेत १९,५००. पुढेही दर महिन्याला १,५०० रुपये जास्तच. हा सोसायटीचा मेंटेनन्स, तो भाड्यासोबतच मालकांना पाठवला जायचा. घरात सगळ्यांना हे माहीत असतं, पण फाइल तपासणाऱ्याला नाही. त्याला एवढंच दिसतं की करारात एक आकडा आणि खात्यात दुसरा, म्हणजे भाडं कमी दाखवून करार केलाय की काय? पत्रातलं "मेंटेनन्स रु. १,५०० वेगळा" हे चार शब्दांचं वाक्य ही शंका मिटवतं.

मे २०२४ मध्ये करारच नाही. मालक गावी होते, नवा करार जूनपासून झाला. इथे लोक पत्रात "सलग करार होते" असं लिहून मोकळे होतात आणि तिथेच अडकतात, कारण प्रत्येक नोंदणीकृत कराराची तारीख इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी विभागाच्या त्या दस्ताच्या गोषवाऱ्यावर, असते आणि बँकेचा वकील किंवा पडताळणीवाला ती बघतो. खरं तेच लिहा: "मे २०२४ या महिन्यात नवा करार झालेला नव्हता, निवास चालू होता व त्या महिन्याचे रु. १८,९०० आणि मेंटेनन्स मिळाले आहेत." अशा एका महिन्यामुळे कर्ज नाकारलं जात नाही. ४२ महिन्यांतली एक फट लोकांना समजते. ती लपवली असं दिसलं, तर मात्र बाकीच्या ४१ महिन्यांकडेही संशयाने पाहिलं जातं.

पहिले दोन महिने रोख दिले. खातं तेव्हा गावच्या शाखेत होतं. मालकांना ते पैसे मिळाल्याचं आठवत असेल तर पत्रात "जुलै व ऑगस्ट २०२२ ची रक्कम रोख मिळाली" असं घाला. त्या दिवसांत एटीएममधून काढलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये दिसत असेल, तर त्या नोंदीला पेन्सिलीने खूण करा. ती दिसत नसली तरी पत्रात बँकेमार्फतच्या महिन्यांत हे दोन महिने मिसळू नका.

ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ चं भाडं बायकोच्या खात्यातून गेलंय. नवऱ्याच्या स्टेटमेंटमध्ये तीन महिने रिकामे दिसतात. दोघं मिळून कर्ज घेत असतील तर बायकोचंही स्टेटमेंट जोडलं की झालं. ती सहकर्जदार नसेल, तर फक्त त्या तीन महिन्यांची तिची पानं जोडा आणि पत्रात तिचं नाव येऊ द्या.

म्हणजे ४२ महिन्यांचा हिशेब असा बसतो: ३७ महिने नवऱ्याच्या खात्यातून, ३ बायकोच्या खात्यातून, २ रोख. हा तक्ता एका पानावर करून पत्राला जोडा. महिना, रक्कम, कुठून गेली, तारीख, एवढे चार रकाने पुरे. खरं सांगायचं तर पत्रापेक्षा या पानाने जास्त काम होतं.

आता याचा बँकेला उपयोग काय? ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता सुमारे २६,००० रुपये. हे घर मेंटेनन्ससह आज २२,३०० रुपये देतंच आहे. साडेतीन वर्षं ही रक्कम न चुकता जाते आहे, म्हणजे हप्त्यामुळे महिन्याचा बोजा पावणेचार हजारांनी वाढेल, दुप्पट होणार नाही. नव्या घराचा मेंटेनन्स त्यात धरलेला नाही, तो तुम्ही स्वतः धरा, कारण नव्या गृहसंकुलांत तो १,५०० वर भागत नाही.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतोय. मग पत्राचा फायदा होईल का?

इथे जपून. ताबा मिळेपर्यंत भाडं आणि बँकेचा प्री-ईएमआय, म्हणजे उचललेल्या रकमेवरचं नुसतं व्याज, किंवा पूर्ण हप्ता दोन्ही एकदम चालू राहणार आहेत. "भाडं बंद होईल आणि त्याच पैशात हप्ता जाईल" हे वरचं गणित तयार घराला लागू पडतं. वरच्याच जोडप्याने ताबा दोन वर्षांनी मिळणारं घर घेतलं, तर ७२,००० मधून २२,३०० भाडं आणि पूर्ण हप्ता सुरू झाल्यावर २६,००० असे ४८,००० च्या वर जातील. बँकेत हा प्रश्न निघणारच. नियमितपणा दाखवायला पत्र द्या, पण टप्प्याटप्प्याने कर्ज उचलताना महिन्याला किती व्याज पडेल हे कर्ज अधिकाऱ्याकडून लिहून घ्या आणि मगच अर्जावर सही करा.

आमचा करार फक्त नोटरी केलेला आहे. चालेल का?

महाराष्ट्रात ११ महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. "११ महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" हे इतर राज्यांतून आलेलं ऐकीव ज्ञान आहे. बऱ्याच बँका नोटरीचा करार पत्त्यासाठी स्वीकारत नाहीत, आणि पासपोर्ट वा आधारचा पत्ता बदलतानाही त्याने अडतं.

मागचे करार नोटरीचे असतील तर ते आता मागच्या तारखेने नोंदवून मिळणार नाहीत. चालू कालावधीचा करार नोंदवून घ्या. नोंदणी विभागाच्या ऑनलाइन सेवेतून हे घरबसल्या होतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये, शिवाय मुद्रांक शुल्क कराराच्या एकूण रकमेवर पाव टक्का. मागच्या काळासाठी मग पत्र आणि स्टेटमेंट यांवरच भिस्त. पत्रात "नोंदणीकृत" हा शब्द फक्त चालू करारापुढे लावा.

घरमालक सही द्यायला तयार नाहीत. त्यांना भीती कशाची असते?

बहुतेक वेळा तीनपैकी एक. ती ओळखून बोललात तर निम्म्या वेळा पत्र मिळतं.

पहिली भीती घर जाण्याची. चाळीतल्या जुन्या भाडेकरूंच्या गोष्टी ऐकलेल्या पिढीला कागदावर "अमुक वर्षं राहतो" असं लिहून देणं म्हणजे हक्क देणं वाटतं. ही भीती चेष्टेवारी नेऊ नका, त्यामागे खटल्यांचा मोठा इतिहास आहे. त्यांना सांगा की त्याच १९९९ च्या कायद्यातलं कलम २४ लायसन्सची मुदत संपल्यावर घर परत मिळवण्यासाठी आहे, त्यासाठी सक्षम प्राधिकारी नेमलेला आहे, आणि मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाईची तरतूद आहे. लेखी लायसन्स करारातल्या मजकुराला त्या कलमात निर्णायक पुरावा मानलं आहे. "लायसन्सी म्हणून" आणि "करारातील अटींत बदल होत नाही" हे शब्द मसुद्यात असले की पत्र कराराच्या बाजूनेच बोलतं.

दुसरी भीती आयकराची. भाडं विवरणपत्रात दाखवलेलं नसेल तर सही करताना हात आखडतो. इथे भांडण नको. पैसे बँकेतून गेलेले असतील आणि तुम्ही एचआरएची सूट घेत असाल, तर वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असताना घरमालकाचा पॅन तुमच्या कंपनीकडे आधीच गेलेला असतो. पत्राने नवं काही उघड होत नाही. शिवाय घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, हे बऱ्याच ज्येष्ठांना माहीतच नसतं. हे त्यांच्या सीएकडून त्यांनी ऐकलं तर जास्त पटतं.

तिसरी भीती जामीन राहण्याची. "उद्या यांनी कर्ज बुडवलं तर बँक माझ्या दारात." हे पत्र हमी नाही. त्यांना हवं असेल तर "या कर्जाबाबत माझी कोणतीही जबाबदारी राहणार नाही" हे वाक्य त्यांच्यासमोरच मसुद्यात टाका. बँकेची त्याला हरकत नसते.

विचारायचं कसं?

आधी मेसेज, मग फोन, मग कागद घेऊन भेट. सही हवी त्याच दिवशी सकाळी सांगू नका. असा मेसेज पुरतो:

"काका, नमस्कार. आम्ही गृहकर्जासाठी अर्ज करतोय. बँकेने घरमालकांचं एक साधं पत्र मागितलंय, की आम्ही कधीपासून राहतो आणि भाडं वेळेवर देतो. मसुदा मी करारावरून तयार केला आहे, सोबत पाठवतो. काही बदल हवा असेल तर सांगा. कर्ज झालं तरी आम्ही एवढ्यात घर सोडत नाही, सोडताना करारात आहे तशी एक महिन्याची आगाऊ सूचना देऊ. रविवारी सही घ्यायला आलो तर चालेल का?"

तुमच्या करारात सूचनेचा काळ दोन महिने असेल तर तसं लिहा. आणि मसुदा फोटो म्हणून न पाठवता पीडीएफ पाठवा, म्हणजे काका तो मुलाला किंवा सीएला पुढे पाठवू शकतात. तो पुढे जाणारच आहे.

सही नेमकी कुणाची हवी?

करारात आणि इंडेक्स टूवर लायसन्स देणारा म्हणून ज्याचं नाव आहे त्याची. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल आणि करारात दोघं असतील तर दोघांची घ्या. मालक परदेशात असून करार मुखत्यारपत्रावर झाला असेल तर मुखत्याराने "तर्फे" असं लिहून सही करावी आणि मुखत्यारपत्राची प्रत जोडावी. भाडं वसूल करणारा एजंट किंवा शेजारचा मेहुणा सही करू शकत नाही.

मालक अनिवासी भारतीय असतील तर आणखी एक बाब. त्यांना भाडं देताना रक्कम कितीही लहान असली तरी कर कापून भरण्याची जबाबदारी भाडं देणाऱ्यावर येते. निवासी मालकाच्या बाबतीत ती महिन्याला ५०,००० च्या वर भाडं असेल तेव्हा येते (१ ऑक्टोबर २०२४ पासून दर २ टक्के). तुम्ही कर कापलेला नसेल तर पत्र बँकेत देण्याआधी सीएला भेटा.

मालक वारले असतील आणि वारसांची नोंद अजून झालेली नसेल, तर पत्राच्या मागे लागू नका. करारनामे, स्टेटमेंट आणि सोसायटीचं पत्र यांवर फाइल करा.

पत्र दिल्यावर बँक काय तपासते?

बँकेने नेमलेल्या संस्थेचा माणूस घरी येतो, बहुधा न सांगता. दारावरची पाटी बघतो, वॉचमनला विचारतो, घराचा फोटो घेतो. दुसरीकडे घरमालकाला फोन जातो आणि हा फोन एका मिनिटाचा असतो: "अमुक तुमच्याकडे राहतात का? कधीपासून? भाडं किती?"

इथे चांगली फाइल अडकते. काका दुपारी झोपेतून उठून फोन घेतात आणि सांगतात, "हो, दोन-तीन वर्षं झाली असतील, अठरा हजार." पत्रात साडेतीन वर्षं आणि २०,८००. अहवालात "तफावत" असा शेरा पडतो. म्हणून सही झालेल्या पत्राची एक प्रत मालकांकडे ठेवा आणि अर्ज दिल्याच्या दिवशी कळवा की या आठवड्यात फोन येईल. आकडे पढवायला जाऊ नका, कागद जवळ ठेवा एवढंच सांगा. शेरा पडलाच, तर शाखेत जाऊन स्टेटमेंट दाखवा आणि फेरपडताळणी मागा.

व्हिसासाठी हेच पत्र चालेल का?

व्हिसा कुठला आहे त्यावर अवलंबून. पर्यटक व्हिसासाठी (शेंगेन, ब्रिटन) घरमालकाचं पत्र हा मुख्य कागद नसतो. तिथे अधिकाऱ्याला तुम्ही परत येणार का, हे बघायचं असतं आणि त्यासाठी नोकरीचं रजेचं पत्र, पगार, कुटुंब हे जास्त वजनाचं. भाड्याचा चालू करार पूरक म्हणून जोडता येतो, विशेषतः त्याची मुदत प्रवासानंतरही चालू असेल तर. तुम्ही जूनमध्ये जाणार आणि करार मेमध्ये संपतोय, अशा वेळी आधी नूतनीकरण करा.

जिथे हे पत्र खरंच कळीचं ठरतं तो व्हिसा म्हणजे ब्रिटनमधल्या जोडीदाराकडे राहायला जाण्याचा. नवरा लेस्टरला किंवा लंडनला भाड्याने राहतो आणि बायको पुण्याहून अर्ज करते, अशा फाइली मराठी घरांत नेहमी होतात. तिथे राहण्याची पुरेशी सोय दाखवावी लागते, आणि पत्र इथल्या नव्हे, तिथल्या घरमालकाचं किंवा लेटिंग एजंटचं लागतं. त्यात घराचा पूर्ण पत्ता, किती खोल्या, सध्या कोण कोण राहतं, आणि येणाऱ्या जोडीदाराला राहायला त्यांची संमती आहे, हे स्पष्ट हवं. शेवटचा मुद्दा बहुतेकांकडून राहतो: करारात फक्त नवऱ्याचं नाव असतं आणि बायकोने राहायला हरकत नाही असं कुठेच लिहिलेलं नसतं.

घर इतरांसोबत वाटून घेतलेलं असेल तर किमान एक खोली फक्त या जोडप्यासाठी असायला हवी आणि गर्दीची मर्यादा ओलांडता कामा नये. तिथल्या कायद्यात एका खोलीला दोन माणसं, दोन खोल्यांना तीन असा हिशेब आहे. हॉलही खोलीत धरला जातो, एक वर्षाखालचं मूल मोजत नाहीत आणि एक ते दहा वर्षांचं मूल अर्धं धरतात. मित्रांसोबत दोन खोल्यांच्या घरात तिघं राहत असतील, तर चौथी व्यक्ती बसत नाही, मग पत्र कितीही छान असो.

पत्र मराठीत दिलं तर? स्टॅम्प पेपर लागतो का?

महाराष्ट्रातल्या बँकेला मराठी पत्र चालतं, पण फाइल मंजुरीला दुसऱ्या राज्यातल्या कार्यालयात जाणार असेल तर इंग्रजी द्या. व्हिसासाठी इंग्रजीच, नाहीतर प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं. साधा कागद पुरतो. बँकेने लेखी मागितल्याशिवाय स्टॅम्प पेपर आणि नोटरीवर खर्च करू नका. पत्र अर्जाच्या महिनाभर आतलं असावं.

मालकांच्या आधारची प्रत पत्राला लावायची सवय काही एजंटांना असते. बँकेने मागितली तरच द्या, तीही क्रमांक झाकलेली आणि त्यावर "फक्त अमुक बँकेच्या गृहकर्जासाठी" असं आडवं लिहून.

क्रेडिट कार्डाने ॲपवरून भाडं भरलं. ते इतिहासात धरतील का?

तुमच्या स्टेटमेंटमध्ये कार्डाचं बिल दिसतं, मालकाचं नाव दिसत नाही. ॲपमधून प्रत्येक महिन्याची पावती उतरवून घ्या आणि मालकांच्या खात्यात ते पैसे कुणाच्या नावाने जमा झाले ते पत्रात लिहून घ्या.

भाऊ किंवा मित्र घरमालक म्हणून सही देतो म्हणतोय. किंवा मालक भाडं वाढवून लिहायला तयार आहेत.

नको. खोटं पत्र बँकेत पकडलं गेलं तर अर्ज फेटाळला जातोच, शिवाय फसवणुकीची नोंद पुढच्या बँकेतही आडवी येते. ब्रिटनच्या व्हिसात फसवणूक सिद्ध झाली तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. आईवडिलांच्या घरात राहून त्यांना खरोखर बँकेतून भाडं देत असाल, करार असेल आणि ते त्यांच्या विवरणपत्रात दाखवत असतील, तर मात्र त्यांचं पत्र खरंच आहे. नातं लपवू नका, पत्रातच लिहा.

सगळं करूनही मालकांनी पत्र दिलंच नाही तर?

हे पत्र द्यायलाच हवं असं बंधन कोणत्याही कायद्याने घातलेलं नाही, त्यामुळे जबरदस्ती करता येत नाही आणि वकिलाची नोटीस पाठवून तर नातं बिघडेल फक्त. त्याऐवजी पुढच्या क्रमाने कागद लावा. नोंदणीकृत करारांच्या प्रती आणि प्रत्येकाचा इंडेक्स टू. तुमच्याकडची प्रत हरवली असेल तर नोंदणी विभागाच्या ऑनलाइन शोधसेवेत दस्त क्रमांक टाकून माहिती मिळते. मग भाड्याच्या नोंदींना खूण केलेलं स्टेटमेंट आणि वर सांगितलेला चार रकान्यांचा तक्ता. मग पोलिसांकडे दिलेल्या भाडेकरू माहितीची पावती, तुमच्या नावाचं गॅस कनेक्शन किंवा ब्रॉडबँडचं बिल, आणि सोसायटीच्या सचिवांचं "अमुक सदनिकेत राहतात" एवढंच सांगणारं पत्र.

यावर तुमच्या सहीचं अर्धं पान लावा, त्यात "घरमालकांनी वैयक्तिक कारणाने पत्र देण्यास असमर्थता दर्शवली" असं एक वाक्य घाला आणि मालकांविषयी तक्रारीचा सूर ठेवू नका. कर्ज अधिकाऱ्याने एवढ्यावर नकार दिला तर कारण लेखी मागा, आणि तीच फाइल दुसऱ्या बँकेत किंवा गृहवित्त कंपनीत द्या. पत्राबाबतचा नियम प्रत्येकीचा वेगळा असतो.